नकाशावर ७.२ सेंटीमीटर, मग जमिनीवर किती?

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात १:५०,००० असं छापलेलं होतं. नदीवरचा पूल आणि टेहळणीचा मनोरा यांच्यामध्ये फूटपट्टी ठेवली, तर ७.२ सेंटीमीटर भरले. एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर, म्हणजे ३.६ किलोमीटर. कालव्याकाठची वाट, सपाट आणि सरळ. पाऊण तासात पोहोचू असा हिशेब करून मी निघालो. पाऊण तास उलटला तेव्हा मनोरा दिसत होता खरा, पण अजून चांगलाच लांब होता.

माझा गुणाकार बरोबर होता. फूटपट्टीही बरोबर होती, आणि मूळ नकाशात काही खोट नव्हती. गडबड झाली होती ती मी घरी नकाशा छापताना. ती पकडायचं साधन त्याच कागदावर, १:५०,००० या आकड्यांच्या खाली दोन बोटांवर होतं. काळ्या-पांढऱ्या घरांची ती आडवी पट्टी मी आयुष्यभर शोभेची समजत आलो होतो.

१:५०,००० मध्ये ‘एक’ म्हणजे एक काय?

काहीही. या प्रमाणाला एकक नाही, आणि त्यातच त्याची सगळी गंमत आहे. नकाशावर एक सेंटीमीटर असेल तर जमिनीवर पन्नास हजार सेंटीमीटर. नकाशावर आगकाडीएवढं अंतर असेल तर जमिनीवर तशा पन्नास हजार आगकाड्या एकापुढे एक मांडाव्या लागतील. दोन्ही बाजूंना माप एकच, एवढीच अट. शाळेच्या पुस्तकात याला अंकप्रमाण म्हणतात. ‘१ सेंमी = ५०० मी’ असं शब्दांत लिहिलं की ते शब्दप्रमाण, आणि पट्टी काढून दाखवलं की रेघीप्रमाण.

नवख्याचा पाय घसरतो तो इथेच. १:५०,००० वाचून तो ‘एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास हजार मीटर’ असं धरतो, म्हणजे एका सेंटीमीटरला पन्नास किलोमीटर! डावीकडे सेंटीमीटर घेतला तर उजवीकडेही सेंटीमीटरच येणार. त्याचे मीटर किंवा किलोमीटर आपण मागाहून करायचे.

जुन्या नकाशांवर १:६३,३६० असा विचित्र आकडा दिसतो, त्याचा उलगडाही यातच आहे. एका मैलात ५,२८० फूट आणि एका फुटात १२ इंच, म्हणून एका मैलात ६३,३६० इंच. ‘एक इंचाला एक मैल’ हे शब्दप्रमाण अंकांत लिहिलं की हा आकडा येतो. आजच्या फूटपट्टीने त्यावर मोजलं, तर एक सेंटीमीटर म्हणजे ६३३.६ मीटर.

मोठं प्रमाण कोणतं आणि लहान कोणतं, यावरही लोक अडखळतात. १:२५,००० हे मोठं प्रमाण आणि १:२,५०,००० हे लहान. आकडा मोठा, मग प्रमाण लहान कसं? कारण हा अपूर्णांक आहे. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, जसा अर्ध्यापेक्षा पाव लहान. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात एकेक इमारत दिसते पण मुलूख थोडा मावतो. लहान प्रमाणात मुलूख भरपूर मावतो, इमारती मात्र नाहीशा होतात.

लाखाचा किलोमीटर, हजाराचा मीटर

प्रत्येक वेळी पाच शून्यं खोडत बसायची गरज नाही. एका किलोमीटरमध्ये बरोबर एक लाख सेंटीमीटर असतात. त्यामुळे मराठीत आकडा नुसता वाचला तरी उत्तर मिळतं. प्रमाणातला आकडा जितके लाख, तितके किलोमीटर दर सेंटीमीटरला. अडीच लाखांचा नकाशा असेल तर एका सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. पन्नास हजार म्हणजे अर्धा लाख, म्हणून अर्धा किलोमीटर. पंचवीस हजार म्हणजे पाव लाख, म्हणून पाव किलोमीटर. दहा लाखांच्या नकाशावर ३.४ सेंटीमीटर मोजले तर ३४ किलोमीटर.

अंतर अगदी थोडं असेल तर मिलिमीटरमध्ये मोजावं. एका मीटरमध्ये हजार मिलिमीटर असतात, म्हणून आकडा जितके हजार, तितके मीटर दर मिलिमीटरला. पन्नास हजारांच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, आणि पंचवीस हजारांच्या नकाशावर २५ मीटर.

उलटा हिशेब करायचा तर भागाकार करायचा. अडीच लाखांच्या नकाशावर १२ किलोमीटर किती लांब दिसतील? १२ भागिले २.५, म्हणजे ४.८ सेंटीमीटर.

या हजाराच्या नियमातून उत्तराची मर्यादाही कळते. साध्या फूटपट्टीने आणि पेन्सिलच्या टोकाने मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पन्नास हजारांच्या नकाशावर तो अर्धा मिलिमीटर २५ मीटरचा असतो, अडीच लाखांच्या नकाशावर १२५ मीटरचा. म्हणून गणकयंत्राने ३.६३७ किलोमीटर दाखवले तरी शेवटचे आकडे पोकळ आहेत, ३.६ लिहावं. रस्त्याची रुंदी तर नकाशावर मोजूच नये. पन्नास हजारांच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे ५० मीटर रुंद रस्ता होईल, आणि गावाकडे जाणारा साधा रस्ता तेवढा रुंद नसतो. ती जाडी डोळ्याला दिसावी म्हणून दिलेली असते.

पट्टी वाचताना शून्य शोधा

आता त्या पट्टीकडे वळू. तिच्यावर भागाकार-गुणाकार काही करावा लागत नाही. कोऱ्या कागदाची सरळ कड घ्यायची, नकाशावरच्या दोन ठिकाणांपाशी लावायची आणि कडेवर दोन खुणा करायच्या. मग ती कड पट्टीशेजारी नेऊन अंतर वाचायचं.

चूक होते ती वाचण्यात. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य डाव्या टोकाला नसतं, एक घर आत असतं. शून्याच्या उजवीकडे अख्खे किलोमीटर असतात: १, २, ३, ४. शून्याच्या डावीकडे एकच किलोमीटर असतो, पण त्याचे दहा तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा १०० मीटरचा. एकाच पट्टीत किलोमीटरही मोजता यावेत आणि शे-शे मीटरही, म्हणून ही मांडणी.

ती वापरायची रीत अशी. कागदावरची उजवी खूण कुठल्यातरी अख्ख्या किलोमीटरवर ठेवायची, आणि तो किलोमीटर असा निवडायचा की डावी खूण शून्याच्या डावीकडच्या बारीक तुकड्यांत पडेल. समजा, उजवी खूण ३ वर ठेवली आणि डावी खूण शून्यापासून डावीकडे चौथ्या रेघेवर आली. अंतर ३ किलोमीटर ४०० मीटर. हेच करताना घाईत डावी खूण पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला टेकवली, तर उजवी खूण २ आणि ३ च्या मध्ये कुठेतरी पडते आणि आपण ‘साधारण २.४’ असं वाचतो. अख्खा एक किलोमीटर कमी! उत्तर नेमकं एका घराने चुकलेलं दिसलं, तर आपण शून्याऐवजी टोकापासून मोजलं असं समजावं.

छापताना काय झालं होतं

माझा नकाशा ए-३ कागदासाठी तयार केलेला होता. घरच्या प्रिंटरमध्ये ए-४ कागद होता. छपाईच्या खिडकीत `Fit` हा पर्याय आधीच निवडलेला होता आणि मी तो बदलला नाही. प्रिंटरने इमानेइतबारे अख्खा नकाशा आक्रसून ए-४ मध्ये बसवला.

ए-३ ची लांब बाजू ४२० मिलिमीटर, ए-४ ची २९७. म्हणजे नकाशातली प्रत्येक लांबी ०.७०७ पट झाली. डोंगर, नदी, रस्ता सगळं आक्रसलं. ‘१:५०,०००’ हे आकडेही आकाराने लहान झाले, पण वाचताना ते पन्नास हजारच राहिले. अक्षरं लहान केली म्हणून त्यांचा अर्थ लहान होत नाही. पट्टीचं तसं नाही. ती स्वतः एक लांबीच आहे, म्हणून नकाशाबरोबर तीही त्याच पटीत आक्रसली.

एखाद्या माणसाचा फोटो काढताना त्याच्या शेजारी मोजपट्टी उभी केली, तर फोटो कितीही लहान-मोठा करा, पट्टीवरून त्याची उंची कळेलच. पण फोटोखाली ‘हा फोटो मूळ उंचीच्या विसाव्या भागाएवढा आहे’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य पहिल्या झेरॉक्सलाच खोटं पडतं.

आता त्या कागदावर खरं प्रमाण कसं काढायचं ते बघू. पट्टीवर शून्यापासून ४ पर्यंतची लांबी फूटपट्टीने मोजली. मूळ नकाशात ती ८ सेंटीमीटर असायला हवी. माझ्या कागदावर ५.६५ भरली. चार किलोमीटर म्हणजे चार लाख सेंटीमीटर. चार लाख भागिले ५.६५, उत्तर सुमारे ७०,८००. म्हणजे हातातला नकाशा १:७०,८०० चा होता. कागदाच्या मापांवरून ५०,००० ला ०.७०७ ने भागलं तर सुमारे ७०,७०० येतात. शंभराचा फरक फूटपट्टीच्या चुकीत बसतो. ही चूक कमी राहावी म्हणून पट्टीचं एकच घर न मोजता, मिळेल तेवढी जास्तीत जास्त लांबी मोजावी.

सत्तर हजार आठशे म्हणजे ०.७०८ लाख. ७.२ गुणिले ०.७०८, उत्तर ५.१ किलोमीटर. मी ३.६ धरून चाललो होतो. खरं अंतर जवळजवळ दीडपट होतं.

आकडेमोड नको असेल तर कागदाच्या कडेनेही हेच निघतं. ७.२ सेंटीमीटरची खूण पट्टीवर एका दमात मावत नाही. म्हणून आधी शून्यापासून ४ पर्यंतचा तुकडा लावला आणि कागदावर तिथे खूण केली. उरलेला तुकडा पुन्हा पट्टीवर लावला. उजवं टोक १ वर ठेवल्यावर डावं टोक शून्याच्या डावीकडे पहिल्या बारीक रेघेवर आलं. म्हणजे १.१. आधीचे चार मिळवून ५.१. मूळ प्रमाण काय होतं, कागद किती आक्रसला, यातलं काहीच माहीत असण्याची गरज पडली नाही.

क्षेत्रफळात ही चूक आणखी वाढते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही बदललेल्या असतात. मूळ नकाशावर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे अर्धा गुणिले अर्धा, पाव चौरस किलोमीटर, म्हणजेच २५ हेक्टर. माझ्या कागदावर तोच चौरस सेंटीमीटर ०.७०८ गुणिले ०.७०८, म्हणजे सुमारे ५० हेक्टरचा. अंतरात दीडपटीच्या आत राहिलेली चूक क्षेत्रफळात दुप्पट होते.

पुढच्या वेळी छापताना `Actual size` किंवा `100%` निवडा, आणि तरीही कागद हातात आल्यावर पट्टीला फूटपट्टी लावाच.

मग अंकप्रमाण छापतात कशाला?

प्रश्न रास्त आहे. एक तर मूळ आकारातल्या कागदावर ते पट्टीपेक्षा झटपट चालतं. दुसरं म्हणजे, नकाशा किती बारकाईने काढला आहे हे त्यातून कळतं, आणि ते पट्टी सांगत नाही.

पन्नास हजारांचा नकाशा दुप्पट मोठा करून छापला, तर मापापुरता तो पंचवीस हजारांचा होतो. त्यावर एका सेंटीमीटरला पाव किलोमीटर धरून मोजलं तर अंतर बरोबर येईल. पण मूळ नकाशात गाळलेली घरं त्यात उगवणार नाहीत आणि सरळ केलेली वळणं परत वाकणार नाहीत. मूळ काढणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल, तर आता ती एक मिलिमीटरची दिसेल, जमिनीवर २५ मीटरचीच. म्हणून मोठा केलेला नकाशा मोजण्यापुरता चालतो. पंचवीस हजारांचा अस्सल नकाशा म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

पट्टी कापली गेली असेल तर?

नकाशाचा अर्धाच तुकडा हातात असतो, पट्टी दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते. असं झालं तर दोन जागी बघावं.

नकाशावर चौकोनी जाळी असेल आणि तिचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा असेल, तर ती जाळी म्हणजे अख्ख्या नकाशावर पसरलेली पट्टीच. पन्नास हजारांच्या मूळ नकाशावर चौकोनाची बाजू २ सेंटीमीटर असते. माझ्या कागदावर ती १.४ भरत होती. मी जाळीकडे नुसतं नीट बघितलं असतं तरी चालण्याआधीच शंका आली असती.

जाळी नसेल तर डाव्या किंवा उजव्या कडेवरचे अक्षांश बघावेत. अक्षांशाचा एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर असतो, पृथ्वीवर कुठेही. माझ्या कागदाच्या कडेवर ५ मिनिटांचं अंतर १३.१ सेंटीमीटर होतं. पाच मिनिटांचे ९.२५ किलोमीटर. ९.२५ भागिले १३.१, म्हणजे एका सेंटीमीटरला ०.७०६ किलोमीटर. वेगळ्या वाटेने आलो, पण सत्तर हजारांच्या आसपासच पोहोचलो.

हे मोजमाप वरच्या किंवा खालच्या कडेवरच्या रेखांशांनी करू नये. विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक मिनिटही सुमारे १.८५ किलोमीटरचाच असतो, पण ६० अंश अक्षांशावर तो जवळपास निम्मा झालेला असतो.

मोबाइलवर काय?

पडद्यावर दोन बोटांनी नकाशा मोठा केला की अंकप्रमाणाला काही अर्थ उरत नाही. नकाशाच्या ॲपमधली कोपऱ्यातली छोटी पट्टी मात्र दर वेळी नव्याने काढली जाते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

रस्त्याकडेच्या फलकावरच्या नकाशाचा फोटो काढला असेल तर सांभाळून. फलक उंचावर असतो, आपण खालून फोटो घेतो. फलकाची खालची कड जवळ, वरची लांब. पट्टी बहुधा खालीच असते, त्यामुळे ती फोटोत वरच्या भागाच्या मानाने मोठी येते. तिने वरच्या भागातलं अंतर मोजलं तर ते खऱ्यापेक्षा कमी भरेल. फलकाच्या दोन उभ्या कडा फोटोत वर जाताना जवळ येताना दिसल्या, की तो फोटो मोजायच्या कामाचा नाही असं समजावं.

वाट वळणाची असेल तर

सरळ फूटपट्टी वळणावर हरते. कागदाची कडच इथेही वापरता येते. सुरुवातीला खूण करून कड पहिल्या वळणापर्यंत लावायची, तिथे पेन्सिलचं टोक टेकवून कागद फिरवायचा, पुढच्या तुकड्याला लावायचा, असं शेवटपर्यंत. सगळे तुकडे एका कडेवर एकापुढे एक साठत जातात आणि मग एकदाच पट्टीला लावायचे. दोराही चालतो, पण तो ताणला जाणारा नको, आणि नागमोडी जागी तो जरा सैल पडतो.

या रीतीने आलेलं उत्तर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच असतं. नकाशा काढणाऱ्याने लहान वळणं सरळ केलेली असतात, आणि आपण मोजताना त्यातली आणखी काही कापतो. घाटाच्या रस्त्यावर हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि चढ?

नकाशावरचं अंतर आडवं असतं, जणू सगळी जमीन सपाट करून ठेवली आहे. चढावर पाय त्यापेक्षा जास्त चालतात. किती जास्त? समजा नकाशावरून २ किलोमीटर आले आणि तेवढ्यात ६०० मीटर चढायचं आहे. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला तर वर्गमूळात २,०००चा वर्ग अधिक ६००चा वर्ग, म्हणजे ४३,६०,०००. वर्गमूळ सुमारे २,०८८ मीटर. एवढ्या दमवणाऱ्या चढालाही फक्त ८८ मीटर जादा. तीस अंशांच्या अवघड उतारावरसुद्धा वाढ पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. दम लागतो तो उंचीमुळे, म्हणून वेळेचा हिशेब उंचीवरून वेगळा करावा. अंतरात मोठा फरक पडतो तो वळणांमुळे.

जगाच्या नकाशावर पट्टीही फसवते

आतापर्यंत पट्टीची एवढी बाजू घेतली, पण तिचीही हद्द आहे. काही किलोमीटरांच्या मुलखात पृथ्वीचा गोलावा जाणवत नाही, म्हणून एकच प्रमाण सगळीकडे चालतं. अख्खं जग सपाट कागदावर आणायचं तर कुठेतरी ताणावं लागतंच. भिंतीवर सर्रास दिसणाऱ्या मर्केटर नकाशात ध्रुवांकडे जावं तसा ताण वाढत जातो. ६० अंश अक्षांशावर सगळं दुप्पट लांबीचं होतं.

समजा प्रमाण एक कोटीस एक आहे. एक कोटी म्हणजे शंभर लाख, म्हणून एका सेंटीमीटरला १०० किलोमीटर. असा आकडा विषुववृत्तापुरता खरा असतो. ६० अंशांवर पूर्व-पश्चिम १० सेंटीमीटर मोजले आणि हजार किलोमीटर धरले, तर खरं अंतर जेमतेम पाचशे असेल.

दर्यावर्दी हे ओळखून आहेत. समुद्राच्या नकाशावर ते डिव्हायडरच्या दोन टोकांत अंतर पकडतात आणि ते बाजूच्या अक्षांशाच्या कडेवर वाचतात, तेही आपण जिथे मोजलं त्याच उंचीवर. तिथला ताण कडेवरही तेवढाच असतो, म्हणून वाचलेला आकडा बरोबर येतो. एक मिनिटाचा एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा.